‘दुक्ख’ला ‘सफरिंग’ म्हटलं की काय निसटतं? आणि मराठी ‘दुःख’ तरी पुरतं का?

वर्षावास_वाचक:
आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी वाचन असतं. येत्या रविवारी पहिल्या प्रवचनाचं, म्हणजे धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताचं, एक पानी मराठी टिपण वाटायचं आहे. कॉलेजची मुलं मोबाइलवर इंग्रजी भाषांतर वाचून येतात आणि तिथे दुक्खाला सरळ ‘सफरिंग’ लिहिलेलं असतं. गेल्या वाचनाला एकाने विचारलं, ‘जन्म म्हणजे सफरिंग, तर मग मूल झाल्यावर आपण पेढे कशाला वाटतो?’ सगळे हसले, पण उत्तर कोणाकडे नव्हतं. टिपणात नुसतं ‘दुःख’ लिहिलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण आपल्याकडे दुःख म्हटलं की कोणीतरी गेलंय असंच वाटतं. काय लिहू?

निवांत_बंदर:
सोपं आहे. शल्य सुत्तात दोन बाण सांगितलेत. एक बाण शरीराला लागतो, तो चुकत नाही. दुसरा आपण स्वतःच मनात मारून घेतो, रडतो, चिडतो. पहिला म्हणजे वेदना, दुसरा म्हणजे दुक्ख. दुसरा टाळता येतो. ‘सफरिंग’ त्या दुसऱ्या बाणाला चपखल बसतं. उगाच गुंतागुंत नको.

पाली_पोथी:
निवांत, दोन बाणांचं सुत्त बरोबर सांगितलंत, पण ‘दुसरा तेवढाच दुक्ख’ हे त्या सुत्तात नाही. तिथे पहिल्या बाणालाही दुक्खा वेदनाच म्हटलं आहे, कायिक. शिकलेल्या श्रावकाला एकच बाण लागतो, अडाण्याला दोन, एवढंच सुत्त सांगतं. शिवाय तुमची व्याख्या घेतली तर पहिल्या प्रवचनातली यादी कोसळते. म्हातारपण आणि मरण त्यात आहेत. ते काही आपण स्वतःला मारून घेतलेले बाण नव्हेत.

आता मूळ प्रश्न. पालीतली ओळ अशी आहे: जातिपि दुक्खा, जरापि दुक्खा, ब्याधिपि दुक्खो, मरणम्पि दुक्खं. शेवटची अक्षरं बघा. जाति स्त्रीलिंगी म्हणून ‘दुक्खा’, ब्याधि पुल्लिंगी म्हणून ‘दुक्खो’, मरण नपुंसकलिंगी म्हणून ‘दुक्खं’. शब्द लिंगाप्रमाणे बदलतोय, म्हणजे इथे तो विशेषण आहे. ‘गोरी, गोरा, गोरं’ बदलतं तसं. ‘जन्म म्हणजे दुःख’ असं समीकरण तिथे मांडलेलंच नाही, जन्माचा एक गुण सांगितला आहे. इंग्रजीत नाम घातल्यावर तो गुण गायब झाला आणि ‘जन्म बरोबर यातना’ असा सपाट अर्थ उरला. त्या मुलाचा प्रश्न या सपाटीतून आलाय.

पेढ्यांचं उत्तरही पालीतच आहे. महासतिपट्ठान सुत्तात जातीची व्याख्या ‘खंधांचं प्रकट होणं, आयतनांची प्राप्ती’ अशी येते. खंध म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक, आयतनं म्हणजे इंद्रियं. डोळे, कान, शरीर, मन मिळालं, म्हणजे पुढे जे काही होणार त्याला जागा तयार झाली. टीकाकार बुद्धघोषही त्याच्या विसुद्धिमग्ग ग्रंथात हेच सांगतो, की जन्म दुक्ख आहे तो इतर दुक्खांचा पाया म्हणून. पाया घातला म्हणून कोणी रडत नाही, पेढे खुशाल वाटा. पण पायावर जे उभं राहील ते पडणारच, हे त्या विशेषणात आहे.

वर्षावास_वाचक:
विशेषणाची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. पण मग मराठीत काय, ‘दुःखद’? ते तर वर्तमानपत्रातलं ‘दुःखद निधन’ झालं.

पाली_पोथी:
तीच अडचण. इंग्रजीवाल्यांना परका शब्द शोधावा लागला म्हणून ते निदान थांबून विचार करतात. आपल्याला तोच शब्द घरात सापडतो, म्हणून आपण थांबतच नाही. मराठीत ‘दुखणं’ शरीराचं, ‘दुःख’ मनाचं, आणि ‘दुखवटा’ तर तेरा दिवसांचा. पालीत हा एकच शब्द कधी अरुंद वापरतात, कधी रुंद. त्याच महासतिपट्ठान सुत्तात ‘सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स, उपायास’ अशी माळ आहे आणि तिच्यातला दुक्ख म्हणजे फक्त शरीराचं दुखणं, कारण मनाच्या दुखण्याला शेजारी दोमनस्स आहे. पुढे दोन ओळींवर ‘थोडक्यात, पाच उपादानखंध दुक्ख’ म्हटलंय. उपादानखंध म्हणजे ज्यांना आपण चिकटतो ते खंध. तिथे एकदम सगळा माणूस त्यात आला.

कुठला शब्द चालतो हे पाहायला एक साधी चाचणी आहे. जो पर्याय सुचेल तो तीन ठिकाणी घालून बघा. पहिलं, वर सांगितलेली माळ. दुसरं, धम्मपदातली २७८वी गाथा, ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, म्हणजे सगळे संखार दुक्ख. तिसरं, जिथे भिक्खूला सांगितलंय की पहिल्या झानात, म्हणजे ध्यानाच्या पहिल्या पायरीत, असताना तिथल्या रूप, वेदना वगैरेंकडे अनिच्च म्हणजे अनित्य, दुक्ख, रोग, शल्य, अनत्त म्हणजे ‘मी’ नसलेलं म्हणून बघ. ‘सफरिंग’ पहिल्या ठिकाणी चालतं. दुसऱ्या ठिकाणी लंगडतं, कारण संखारांत सगळ्याच घडवलेल्या गोष्टी येतात आणि दगडाला काही यातना होत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी तर पार फसतं. पहिलं झान पीतीने, म्हणजे आनंदाने, आणि सुखाने भरलेलं असतं, तिथे यातनेचा लवलेश नाही, आणि नेमकं त्यालाच दुक्ख म्हणून बघायला सांगितलंय.

कीर्तनप्रेमी:
यात नवीन काय? आपल्याकडे त्रिविध ताप आहेतच: आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक. बुद्धानेही दुक्खाचे तीन प्रकार सांगितलेत असं वाचलंय. तेच ते, नावं वेगळी.

पाली_पोथी:
आकडा जुळतो, मोजमाप जुळत नाही. त्रिविध ताप सांख्यांच्या पहिल्याच कारिकेत आहेत, आणि ते त्रास कुठून आला हे विचारतात: स्वतःच्या देहामनातून, दुसऱ्या प्राण्यांकडून, की दैवी शक्तींकडून. ताप आला, साप चावला, वीज पडली. बुद्धाच्या तीन दुक्खता त्रास कुठून आला हे विचारत नाहीत, एखादी गोष्ट कोणत्या तऱ्हेने दुक्ख आहे हे विचारतात. तिन्ही ताप उचलले तरी ते बुद्धाच्या पहिल्या, म्हणजे सरळ दुखण्याच्या, खणातच बसतात. उरलेले दोन खण रिकामे राहतात, आणि नवीन आहे ते त्यांतच.

कौलारू_मालवण:
माका ह्या कळूक नाय. म्हणजे मराठीतच विचारतो. माझं घर मंगळुरी कौलांचं. वैशाखात शाकारणी केली, आता श्रावण चालू आहे, एक थेंब आत येत नाही. पडवीत बसून चहा पितोय. या घडीला कुठेच दुखत नाही, मन पण शांत. आता या चहात दुक्ख दाखवा.

पाली_पोथी:
याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. तुमच्याच छपरावर तीन दुक्खता लावून बघू.

रात्री दोनला कौल सरकलं आणि अंथरुणावर धार लागली, ही दुक्ख-दुक्खता. दुखतंय आणि दुखतंय हे कळतंय. इथे सफरिंग, त्रास, यातना, काहीही चालतं. कोणी वाद घालत नाही.

शाकारणीनंतरचा पहिला जोरदार पाऊस, बाहेर धो धो आणि आत कोरडं. खरं सुख आहे हे, बुद्ध त्याला खोटं म्हणत नाही. भिक्खुणी धम्मदिन्ना चूळवेदल्ल सुत्तात नेमकं सांगते, की सुखा वेदना टिकते तोवर सुख, पालटते तेव्हा दुक्ख, आणि दुक्खा वेदना टिकते तोवर दुक्ख, पालटते तेव्हा सुख. कोरडेपणाचं सुख आहे तेवढा वेळ सुखच आहे. पण त्याच्यात पालटण्याचा धर्म आहे, ही विपरिणाम-दुक्खता. ‘सुखात दुःख लपलंय’ असं टिपणात लिहू नका. लोक मग चहा पिताना चेहरा पाडून बसतात.

तिसरी तुमच्या प्रश्नाची. छप्पर गळतही नाही, आणि कोरडं आहे म्हणून आनंदही नाही. नुसतं आहे. पण ते ‘नुसतं’ आपोआप नाही. वासे, रिपा, कौलं, खिळे, गेल्या वैशाखातली मजुरी, एवढं सगळं एकत्र धरून ठेवलंय म्हणून ते छप्पर आहे. धरणं सैल पडलं की नाही. जे असं जमवून उभं केलेलं, ते संखार. त्याचं जमवलेलं असणं हीच संखार-दुक्खता. या क्षणी कोणाला दुखत नाहीये, तरी ते दुक्ख आहे. ‘सफरिंग’ला दुखणारा माणूस लागतो. या तिसऱ्या ठिकाणी दुखणाराच नाही, म्हणून शब्द अडतो.

नळे_आणि_रिपा:
धाग्याचा विषय माझा नाही, छपराचा आहे, म्हणून एवढंच. कौल आपण होऊन सरकत नाही. त्याच्या खालच्या बाजूचा उंचवटा रिपेत अडकलेला असतो. सरकतं ते माकडांनी उड्या मारल्या तर, किंवा वाऱ्याने कडेचं कौल उचललं तर. पण बहुतेक वेळा आधी रीप गेलेली असते. पन्हळीत पातेरा साचतो, पाणी तुंबून मागे रिपेपर्यंत चढतं, रीप भिजून कुजते, नाहीतर वाळवी लागते. खालून बघाल तर छप्पर अगदी सरळ दिसतं. बोटाने रीप दाबली की भुगा पडतो. गळती सुरू व्हायच्या दोन पावसाळे आधी हे झालेलं असतं.

पाली_पोथी:
विषय तुमचाच आहे, तुम्हाला माहीत नाही एवढंच. ‘खालून सरळ दिसतं, दाबलं की भुगा’, हे मी टिपणात चोरणार. संखार-दुक्ख दिसत का नाही, आणि दाबून बघावं का लागतं, याचं याहून नेमकं वर्णन नको.

शब्दवेल्हाळ:
व्युत्पत्ती कोणीच काढली नाही. ‘ख’ म्हणजे छिद्र, चाकाच्या तुंब्यातलं आस जायचं भोक. ते नीट असेल तर सु-ख, वेडंवाकडं असेल तर दुः-ख. ऋग्वेदात सुख हे विशेषण रथाला लावलंय. तुंब्याचं भोक झिजून लांबट झालं की चाक फेंगडं चालतं, आसाला घासतं, वंगण घातलं तरी कुरकुर थांबत नाही. गाडी मात्र चालते! मला हे ‘सफरिंग’पेक्षा फार जवळचं वाटतं. आयुष्य थांबत नाही, पण घासत चालतं.

पाली_पोथी:
चित्र सुंदर आहे आणि म्हणूनच जपून वापरा. आसाची व्युत्पत्ती आधुनिक कोशकारांनी सुचवली आहे, आणि काही जण ‘दुः-स्थ’ म्हणजे नीट न उभं राहिलेलं, असंही सुचवतात. बुद्धघोषाच्या पोथीत चाक नाहीच. तो ‘दु’ म्हणजे हीन आणि ‘ख’ म्हणजे पोकळ अशी फोड करतो: नित्य, सुंदर, सुखद, आपलं असं जे वाटतं त्यापासून रिकामं. ही व्याकरणाच्या दृष्टीने पक्की व्युत्पत्ती नव्हे, पण परंपरेने शब्द कसा ऐकला ते तिच्यातून कळतं. चाकाचं चित्र उदाहरण म्हणून द्या. ‘बुद्धाच्या मनात चाकच होतं’ असं लिहू नका. बुद्धाच्या काळापर्यंत शब्द रोजच्या वापरात घासून गुळगुळीत झाला होता.

शब्दवेल्हाळ:
मान्य. पण मग मराठीतला ‘सल’ घ्या. शल्यावरूनच आलाय, पालीतला सल्ल तोच. ‘मनात सल राहिला’ म्हणजे मोठं रडणं नाही, पण टोचत राहणं.

पाली_पोथी:
सल चांगला आहे, पण तुमच्याच शब्दावर चाचणी लावा. ‘सगळे संखार सल आहेत’ बरं वाटतं. ‘म्हातारपण सल आहे’ चालेल. पण सल मनातच असतो, त्यामुळे पुन्हा दुखणारा माणूस आला. निवांतरावांच्या दुसऱ्या बाणापाशी आपण परत पोचलो.

ध्यान_सुरुवात:
मध्येच विचारते. मी रोज अर्धा तास बसते, वीस मिनिटांनी गुडघे भयंकर दुखतात. दुक्ख सत्य आहे म्हणून हलायचं नाही, सहन करायचं, असं मला सांगितलं गेलं. बरोबर का?

पाली_पोथी:
ताई, प्रश्न आडवा वाटला तरी भाषांतराशीच जोडलेला आहे. पहिल्या प्रवचनात चार सत्यांची चार वेगळी कामं दिली आहेत. दुक्ख पुरतं ओळखायचं, समुदय म्हणजे त्याचं कारण सोडायचं, निरोध म्हणजे त्याचं थांबणं साक्षात करायचं, मार्ग वाढवायचा. दुक्ख सहन करायचं असं कुठेही नाही, आणि दुक्ख सोडायचं असंही नाही. सोडायची ती तृष्णा. ‘सफरिंग’ वाचलं की माणूस दोन टोकं धरतो, दात आवळून सहन करतो नाहीतर पळतो.

म्हणून गुडघा दुखायला लागला की आधी दुखणं नेमकं कुठे आहे, वाढतंय की लाटेसारखं येतंय ते बघा. मग ‘हे थांबलंच पाहिजे’ ही ओढ वेगळी दिसते का ते बघा. दिसली तर काम झालं. मग मांडी बदला किंवा खुर्ची घ्या. उठल्यावरही गुडघा दुखत राहिला किंवा सुजला, तर ते डॉक्टरांचं काम, ध्यानाचं नव्हे.

पूर्वेचा_वारा:
एक आक्षेप नोंदवतो. तुमची सगळी चर्चा छप्पर, चहा, गुडघा यावर चालली आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहेत का, असा थेट प्रश्न टाकलाय. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, मग सगळं संपलंच, हा अर्थ त्यांना नामंजूर होता. आणि महाडच्या तळ्याचं पाणी जे नाकारलं गेलं, ते दुःख संखारातून आलं की माणसांकडून? दुक्खाला ‘जमवलेल्या गोष्टींचा गुण’ म्हणत राहिलात तर ज्याने छप्पर मोडलं तो सुटतो.

पाली_पोथी:
आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. बाबासाहेबांचा रोख ज्या अर्थावर होता तो ‘सगळं रडगाणं’ हाच अर्थ, आणि तो चुकीचा आहे इथपर्यंत आपण एकत्र आहोत. पुढे वाट वेगळी होते. माझं वाचन असं, की दुक्ख-दुक्खतेच्या खणात अन्याय पूर्ण बसतो आणि तो हटवायला तिसऱ्या खणाची वाट बघावी लागत नाही. कोणी कौल फोडलं तर त्याला आधी जाब विचारायचा, रीप कुजते हे तत्त्वज्ञान नंतर. पण परंपरेच्या टीका हा भाग फारसा उलगडत नाहीत, हे कबूल.

पूर्वेचा_वारा:
‘फारसा उलगडत नाहीत’ हेच माझं म्हणणं. माझं समाधान झालेलं नाही, पण टिपण अडवत नाही.

खाडी_ते_सोपारा:
कोकणाचा धागा निघालाय तर पुण्ण या भिक्खूची आठवण द्या. तो सुनापरंताला निघाला, तो भाग सोपाऱ्याच्या आसपासचा मानतात. निघताना त्याने थोडक्यात धम्म मागितला. बुद्धाने सांगितलं ते असं: डोळ्याला आवडणारं रूप दिसतं, माणूस त्याचं स्वागत करतो, त्याला चिकटतो, त्यातून नंदी, म्हणजे त्याची गोडी, उपजते, आणि नंदी उपजली की, पुण्णा, दुक्ख उपजतं. कान, नाक, जीभ, शरीर, मन, सगळ्यांना तेच. सुरुवात यातनेपासून नाही, आवडण्यापासून आहे. ‘सफरिंग’ डोक्यात ठेवून वाचणारा माणूस ते शोधायला हॉस्पिटलात जातो, आणि सुत्त त्याला बाजारपेठेत उभं करतं.

निवांत_बंदर:
बरं, दुसरा बाण मागे घेतो. पण मग सांगा, अरहंताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याला, दुक्ख उरतं का? खंध तर त्याचेही आहेत, तेही संखारच. उरत असेल तर निरोध कसला? उरत नसेल तर ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’मधला ‘सब्बे’ कुठे गेला?

पाली_पोथी:
इथे पोथ्या वाचणाऱ्यांतच दोन तट आहेत. एक तट ‘पाच उपादानखंध’ मधल्या उपादानावर बोट ठेवतो: चिकटणं गेलं की दुक्खही गेलं. दुसरा अट्ठकथेच्या, म्हणजे जुन्या टीकांच्या, बाजूने म्हणतो, की अरहंताचे खंधही संखारच, त्यामुळे संखार-दुक्खता शेवटच्या श्वासापर्यंत राहते, फक्त तिच्यावर नवीन काही रचलं जात नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण रहोगत सुत्तात भिक्खू विचारतो, की तीन वेदना सांगितल्यात, मग ‘जे काही अनुभवलं जातं ते दुक्खात मोडतं’ हे कसं? तिथे बुद्ध उत्तर देतो की ते मी संखारांच्या अनित्यतेच्या संदर्भात म्हटलं. त्या एका वाक्याचा आधार दोन्ही तट घेतात.

वर्षावास_वाचक:
टिपण असं लिहिलंय, बघा.

‘दुक्ख हा शब्द आम्ही मुद्दाम विसर्गाऐवजी क लावून पालीतल्यासारखा लिहिला आहे. विसर्गाचं दुःख त्याचा एक भाग आहे. जन्म दुक्ख आहे, म्हणजे त्याच्यावर उभं राहणारं काहीही भरवशाने टिकणारं नाही. छप्पर गळतं ते दुक्ख. कोरडं छप्पर एक दिवस गळणार तेही दुक्ख. आणि गळत नसतानाही ते धरून ठेवावं लागतं, तेही दुक्ख.’

खाली धम्मपदातल्या १५३ आणि १५४ या गाथा घेतल्या आहेत. ‘अनेकजातिसंसारं’ म्हणून सुरू होणारं घर बांधणाऱ्याचं, ज्यात ‘दुक्खा जाति पुनप्पुनं’ येतं आणि पुढे वासे मोडले आणि आढं विस्कटलं. तिथेही ‘दुक्खा’ स्त्रीलिंगी विशेषणच आहे ना?

पाली_पोथी:
हो, जातीचंच. आणि आढ्यासाठी तिथे शब्द आहे ‘विसङ्खतं’, संखाराचा उलटा. जमवलेलं होतं ते सुटं झालं. ही गाथा घेतलीत ते फार बरं केलंत. एकच दुरुस्ती: ‘भरवशाने टिकणारं नाही’ हे अनिच्चाकडे जास्त झुकतं. ‘टिकणारं नाही आणि म्हणून पुरणारं नाही’ असं करा. अनित्य ते दुक्ख, ही पायरी मध्ये यायला हवी.

कौलारू_मालवण:
‘पुरणारं नाही’ बरोबर. शाकारणी कधी पुरते? पुढच्या वैशाखात परत.

नळे_आणि_रिपा:
दर वर्षी नुसतं कौलं उलथत बसू नका, रिपा दाबून बघा.